टेलच्या शेताचा हिशोब

डिसेंबरचा दुसरा आठवडा. कालव्याला पाणी सुटून पाच दिवस झालेले. वरच्या गावात उसाच्या सऱ्या तुडुंब भरलेल्या आणि चारीच्या शेवटच्या टोकाला चार शेतकरी कोरड्या पाटात उभे राहून वरच्या दिशेला बघत असलेले. त्यांचा गहू एकवीस दिवसांचा झालेला असतो. गव्हाला मुकुटमुळे फुटतात ती हीच वेळ. या आठवड्यात ओल मिळाली तर फुटवे येतात. नाही मिळाली तर पुढे कितीही पाणी दिले तरी गमावलेले फुटवे परत येत नाहीत. हे चौघांनाही पक्के माहीत असते. सहाव्या दिवशी पाटात बोटभर पाणी येते, सातव्या दिवशी आवर्तन बंद होते, आणि आठव्या दिवशी पाणी वापर संस्थेच्या कार्यालयात बैठक भरते. बैठकीत ठरते, की खात्याला पत्र द्यायचे.

हे पत्र बहुतेक वेळा असे असते : ‘आमच्या गावातील टेलच्या शेतकऱ्यांना गेली अनेक वर्षे पाणी मिळत नाही. वारंवार तोंडी सांगूनही दखल घेतली गेली नाही. पिके जळून चालली आहेत. तरी न्याय द्यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ खाली तीस-चाळीस सह्या. यातला शब्द न् शब्द खरा असतो, तरी हे पत्र आवक नोंदवहीत जाते आणि तिथेच राहते. कारण त्याचे उत्तर एका ओळीत देता येते : ‘मंजूर कार्यक्रमानुसार आवर्तन पूर्ण करण्यात आले आहे.’ कागदावर तेही खरे असते. मायनरला सात दिवस पाणी सोडले होते, ही नोंद खात्याच्या वहीत असते. शेवटच्या विमोचकाला किती मिळाले, ही नोंद मात्र कोणाच्याच वहीत नसते.

ती नोंद संस्थेने करायची आणि तीच पत्रात लिहायची. या लेखात ते कसे करायचे हे पाहू. त्यासाठी आधी पाणी टेलपर्यंत का पोहोचत नाही, हे समजून घ्यावे लागेल.

पाळी म्हणजे काय

धरणातून मुख्य कालवा निघतो, कालव्यातून वितरिका, वितरिकेतून लघुवितरिका, म्हणजे ज्याला सगळे मायनर म्हणतात ती. मायनरवर ठरावीक अंतराने विमोचक असतात. विमोचक म्हणजे शेतचारीला पाणी देणारे लहानसे दार. आपल्याकडे एका विमोचकाखाली साधारण चाळीस हेक्टरपर्यंतचा चक असतो, आणि त्या दारातून सेकंदाला तीस लिटर, म्हणजे सुमारे एक क्युसेक पाणी निघावे, अशी रचना असते.

पाणी बारमाही वाहत नाही, ते पाळीने येते. पंधरा ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे हे पाहून रब्बीचा कार्यक्रम ठरतो. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तने किती आणि कधी हे जाहीर होते, शेतकरी सात नंबरच्या नमुन्यावर पाणी अर्ज भरतात. मग शाखेतून पाळीपत्रक निघते. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी, हे त्यात लिहिलेले असते.

आता एक हिशोब करू. संपूर्ण पत्र पुढे याच हिशोबावर उभे राहणार आहे. सेकंदाला तीस लिटर म्हणजे तासाला एक लाख आठ हजार लिटर, म्हणजे १०८ घनमीटर. एक हेक्टर गव्हाला एक पाणी द्यायचे तर जमिनीवर साडेसात सेंटिमीटर पाणी लागते असे धरा. ते होते ७५० घनमीटर. म्हणजे तीस लिटरच्या धारेने एक हेक्टर भिजायला सात तास लागतात. आठवड्याचे तास १६८. एकशे अडुसष्टला सातने भागले, की २४ येतात. सात दिवस विमोचक पूर्ण क्षमतेने चालला तर २४ हेक्टर भिजते.

ज्या चकात २४ हेक्टरचे अर्ज मंजूर आहेत, तिथे सात दिवसांची पाळी अगदी नेमकी पुरते. एक तासही शिल्लक राहत नाही. धार तीसऐवजी वीस लिटरची झाली, किंवा पाणी दोन दिवस उशिरा आले, की कोणाचे तरी शेत सुटणार हे ठरलेलेच. आणि सुटते ते नेहमी शेवटचे.

पाणी वाटेत कुठे जाते

लोक पहिले बोट दाखवतात ते वरच्या भागातल्या चोरीकडे. ती असतेच. कालव्याच्या भरावावरून टाकलेले डोंगळे, थेट कालव्यात सोडलेल्या मोटारी, पहार घालून मोठे केलेले विमोचकाचे तोंड, पाणी आपल्याकडे चढावे म्हणून मायनरमध्ये टाकलेले दगड-गोण्या, हे सगळे पाटावरून चालत गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. पण चोरी अजिबात नसली तरी टेल कोरडा राहू शकतो, आणि त्याचे कारण फार थोड्या पत्रांत लिहिलेले असते. ते कारण म्हणजे अर्धी चाललेली मायनर.

सहा विमोचकांची एक मायनर घ्या. सहाही दारे एकाच वेळी चालायची तर १८० लिटर हवेत. मातीच्या पाटात झिरपण्यात आणि गळतीत सुमारे ४० लिटर जातात असे धरले, तर मायनरच्या मुखाशी २२० लिटर, म्हणजे जवळपास आठ क्युसेक सोडले पाहिजेत. आता वरून कालव्यातच पाणी कमी आले आणि खात्याने ही मायनर चार क्युसेकवर चालवली. सर्वसाधारण समज असा, की पाणी निम्मे आले म्हणजे प्रत्येकाला निम्मे मिळेल.

तसे होत नाही. पाट किती पाणी पितो, ते पाटाचा तळ आणि कडा किती ओल्या होतात यावर ठरते. पाणी निम्मे झाले तरी ओला होणारा भाग निम्मा होत नाही. त्यामुळे झिरपणारे पाणी फारसे कमी होत नाही, ते ३५-४० लिटरच राहते. चार क्युसेक म्हणजे ११३ लिटर. त्यातून ही तूट गेली, की उरतात ७५ लिटर. पहिला विमोचक आपले तीस घेतो, दुसरा तीस घेतो. तिसऱ्यासाठी पंधरा उरतात. चौथ्या, पाचव्या, सहाव्याला काही नाही. इथे कोणी चोरी केलेली नाही, कोणी दार फोडलेले नाही. वरच्या दोघांनी आपल्या हक्काइतकेच घेतले आहे.

पाचव्या दिवशी वरच्यांचे भिजून होते, ते दार पाडतात. मग तिसरा-चौथा भरतो आणि उरलेल्यातून शेवटच्याला दहा लिटरची धार लागते. इतकी बारीक धार शेतचारीतच अर्धी जिरते. पाणी आले असे म्हणता येते, पण त्याने वाफा भरत नाही. ‘टेलला पाणी पोहोचले’ अशी नोंद या धारेच्या जिवावर होते.

म्हणून सिंचनाच्या जाणकारांचा जुना नियम आहे : मायनर चालवायची तर पूर्ण क्षमतेने चालवा, नाहीतर बंद ठेवा. कालव्यात पाणी कमी असेल तर दोन मायनर निम्म्या-निम्म्या चालवण्यापेक्षा आधी एक पूर्ण चालवा, तिची पाळी संपवा, मग दुसरी उघडा. एकूण पाणी तेवढेच लागते. पण चाळीस लिटरची तूट दोन ठिकाणी सोसावी लागते ती एकाच ठिकाणी सोसावी लागते, आणि दोन्ही टेल भिजतात.

दुसरे कारण गवताचे आणि गाळाचे. बेशरम, लव्हाळा आणि पाणकणीस माजलेल्या पाटात पाण्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला, की पातळी वर चढते. त्यामुळे वरच्या दारांतून जास्त पाणी शिरते आणि खाली कमी जाते. म्हणजे पाटातल्या गवताचा फायदा वरच्याला आणि तोटा खालच्याला होतो. साफसफाईची ओरड नेहमी टेलवरूनच का होते, याचे उत्तर यात आहे.

तिसरे कारण दिवसांच्या मोजणीत दडलेले आहे. कोरडा पाट भरून पाणी शेवटपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. मायनर लांब असेल तर दीड-दोन दिवस सहज जातात. पाळीचे सात दिवस मुखाशी दार उघडल्यापासून मोजले, तर हा वेळ टेलच्या वाट्यातून कापला जातो. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. तिथे हीच गोष्ट मुख्य कालव्यावरच घडते. पैठणला सुटलेले पाणी परभणी जिल्ह्यात पोहोचेपर्यंत वरच्या वितरिकांच्या पाळ्या सुरूही झालेल्या असतात.

पाटात उतरून मोजायचे कसे

टेलला कमी पाणी आले हे सांगायला डोळे पुरतात. किती कमी आले हे सांगायला मोजमाप लागते. विमोचकाशी प्रवाहमापक आणि गेजपट्टी असेल तर काम सोपे असते. नसेल तरी एक मीटर-टेप, एक घड्याळ आणि लाकडाचा एक छोटा ठोकळा एवढ्यावर भागते.

शेतचारीचा सरळ आणि एकसारख्या रुंदीचा, शक्यतो अस्तर केलेला वीस मीटरचा तुकडा निवडायचा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकायच्या. पाण्याची रुंदी आणि खोली तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी काढायची. मग वरच्या खुंटीच्या थोडे आधी ठोकळा सोडायचा आणि एका खुंटीपासून दुसरीपर्यंत जायला किती सेकंद लागले ते मोजायचे. असे तीन-चार वेळा करायचे.

समजा पाण्याची रुंदी ६० सेंटिमीटर आहे आणि खोली १० सेंटिमीटर. वीस मीटर जायला ठोकळ्याला १०० सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला ०.२ मीटर. पण पृष्ठभागावरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळते, म्हणून हा वेग ८५ टक्के धरायचा : ०.१७ मीटर. रुंदी गुणिले खोली ०.०६ चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार ०.०१०२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला दहा लिटर. जिथे तीस हवेत तिथे दहा.

ही पद्धत ढोबळ आहे, हे आधीच मान्य करावे. आकडा थोडा इकडे-तिकडे होऊ शकतो. पण तीस आणि दहा यांतला फरक ढोबळ मापातही लपत नाही. सकाळी आणि संध्याकाळी, पाळीच्या प्रत्येक दिवशी हे मोजावे आणि एका वहीत तारीख, वेळ, लिटर आणि मोजणाऱ्यांची नावे लिहावीत. ज्या दिवशी पाट कोरडा, त्या दिवशी ‘शून्य’ लिहावे. ती शून्येच पुढे सर्वांत जास्त कामाला येतात. मोजताना पाटकऱ्याला बोलवावे आणि त्याची सही घ्यावी. त्याने नकार दिला तर ‘उपस्थित, सही दिली नाही’ असे लिहावे. पाटकरी शत्रू नसतो. एकेकाकडे अनेक मायनर असतात आणि रात्री दारे फिरवणाऱ्या जमावापुढे तो एकटा असतो. वहीत खरी नोंद असली तर तिचा त्यालाही आधारच होतो.

पत्र

आता या वहीवरून पत्र कसे तयार होते ते बघा. वर घेतलेल्या उदाहरणातल्या मायनरचेच हे पत्र आहे, आकडे उदाहरणादाखल आहेत.

> प्रति,
> मा. उपविभागीय अभियंता, सिंचन उपविभाग.
>
> विषय : मायनरवरील विमोचक क्र. ६ ला रब्बी आवर्तन क्र. १ मध्ये अपेक्षित पाण्याच्या सातव्या हिश्श्याइतकेच पाणी मिळाल्याबाबत, व आवर्तन क्र. २ टेलपासून सुरू करण्याबाबत.
>
> महोदय,
>
> विमोचक क्र. ६ खाली रब्बी हंगामासाठी २४ हेक्टर क्षेत्राचे पाणी अर्ज मंजूर आहेत. यादी व पाळीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.
>
> आवर्तन क्र. १ मध्ये मायनर सात दिवस चालू होती. पहिले चार दिवस विमोचक क्र. ६ ला पाणी आले नाही. नंतरचे तीन दिवस सरासरी सेकंदाला १० लिटर पाणी आले. दररोज दोन वेळा घेतलेल्या मोजमापाची नोंद सोबत आहे.
>
> सेकंदाला ३० लिटरप्रमाणे सात दिवसांत १८,१४४ घनमीटर पाणी मिळणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात २,५९२ घनमीटर मिळाले. त्यात सुमारे साडेतीन हेक्टर क्षेत्र भिजले. उरलेले साडेवीस हेक्टर कोरडे राहिले आहे. त्यातील शेतकऱ्यांची व गटांची यादी जोडली आहे.
>
> या सात दिवसांत मायनरच्या मुखाशी गेज किती होते, याची नोंद आपल्या गेज रजिस्टरमध्ये आहे. तिची प्रत मिळावी.
>
> आमच्या मागण्या :
> १. आवर्तन क्र. २ मध्ये विमोचक क्र. ६ आधी सुरू करून पाणी टेलकडून वर द्यावे.
> २. मायनर पूर्ण क्षमतेने चालवावी. पाणी कमी असल्यास शेजारच्या मायनरशी आलटून-पालटून चालवावी.
> ३. पाळीचे दिवस टेलला पाणी पोहोचल्यापासून मोजावेत.
> ४. आवर्तनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमोचक क्र. ६ वर शाखा अभियंता व संस्था यांची संयुक्त पाहणी ठेवावी.
> ५. कोरड्या राहिलेल्या क्षेत्राची पाणीपट्टी आकारू नये.
>
> पाट साफ करण्यासाठी आवर्तनापूर्वी संस्था दोन दिवस श्रमदान करेल. तारीख कळवावी.

एवढेच पत्र. पानभराचे. यात ‘अन्याय’ हा शब्द नाही, आंदोलनाचा इशारा नाही, कोणाचे नाव घेऊन आरोप नाही. पण ‘कार्यक्रमानुसार आवर्तन पूर्ण केले’ असे उत्तर आता देता येत नाही, कारण आवर्तन किती दिवस चालले याबद्दल वादच नाही. वाद आहे तो १८,१४४ आणि २,५९२ यांचा. अभियंत्याला एकतर हे आकडे खोडावे लागतील, त्यासाठी स्वतः येऊन मोजावे लागेल, किंवा ते मान्य करावे लागतील. दोन्हींत टेलचा फायदा आहे.

मागण्यांकडे पुन्हा एकदा बघा. त्या सगळ्या उपविभागाच्या हातातल्या आहेत. कालव्याचे अस्तरीकरण करा, धरणाची उंची वाढवा, अशा मागण्या लिहिल्या की पत्र ‘शासन स्तरावरील विषय’ म्हणून वर जाते आणि महिनोन्महिने फिरत राहते. पुढच्या पाळीत बदल हवा असेल तर पुढच्या पाळीपुरत्याच मागण्या लिहाव्यात. मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळे पत्र द्यावे.

चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची. पाहणी नेहमी तक्रारीनंतर होते, तेव्हा पाट कोरडा असतो आणि कोरड्या पाटात काहीच सिद्ध होत नाही. पाहणी पाणी चालू असतानाच हवी, तीही टेलच्या दारावर, आणि दिवस आधी ठरवून. त्या दिवशी साहेब टेलवर येणार हे कळले, की वरचे डोंगळे आदल्या रात्रीच उचलले जातात. तेवढ्याने एक पाळी तरी सुटते, आणि पाणी येऊ शकते हे सिद्ध होते.

कधी द्यायचे, कोणाला द्यायचे

हे पत्र आवर्तन संपल्यापासून आठवडाभरात गेले पाहिजे, कारण पुढच्या पाळीचे नियोजन तेव्हाच चालू असते. पत्र उपविभागाला द्यावे, एक प्रत शाखेला आणि एक कार्यकारी अभियंत्याला. प्रत्येक ठिकाणी पोहोच घ्यावी, आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर टाकून घ्यावी. पुढे कधी हे प्रकरण वर न्यायचे ठरले तर हा क्रमांकच संस्थेचा पुरावा असतो. आमदारांना आणि पालकमंत्र्यांना पहिल्याच दिवशी प्रती पाठवण्याचा मोह टाळावा. ज्याच्या हातात मायनरचे दार आहे, त्याला आधी दुरुस्तीची संधी द्यावी.

गेज रजिस्टरची प्रत साध्या मागणीने मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मुखाचे गेज हाती आले, की दोन शक्यता वेगळ्या करता येतात. मुखाशी पूर्ण पाणी होते आणि टेलला आले नाही, तर पाणी मायनरवरच कुठे तरी गेले : डोंगळे, फुटके दार, गवत. मुखाशीच निम्मे होते, तर दोष मायनरचा नाही, वरच्या वितरिकेच्या नियोजनाचा आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हे न तपासता वरच्या शेतकऱ्यांशी भांडण काढले, तर कित्येकदा निरपराध माणसाशी वैर होते.

वरच्या शेतकऱ्याचीही बाजू समजून घेतली पाहिजे. तो गरजेपेक्षा जास्त का घेतो? पुढची पाळी ठरल्या दिवशी येईल यावर त्याचा विश्वास नसतो. पाणी दारात आहे तोवर जमिनीत साठवून ठेवावे, असे त्याला वाटते. आवर्तनांच्या तारखा हंगामाच्या सुरुवातीलाच जाहीर झाल्या आणि दोन वेळा तंतोतंत पाळल्या गेल्या, तर ही भीती कमी होते. टेलच्या संस्थेने वरच्या संस्थेबरोबर मिळून तारखांची मागणी केली, तर ती दोघांच्याही हिताची असते.

पत्र कुठवर पोहोचते

एक पत्र सगळे प्रश्न सोडवत नाही. धरणात पाणीच नसेल तर पत्र पाणी आणत नाही. टेलची जमीन विमोचकापेक्षा उंच असेल, मायनर बांधताना उतार चुकला असेल, किंवा लाभक्षेत्र कागदावर वाढवत नेऊन कालव्याच्या कुवतीपेक्षा जास्त केले असेल, तर तिथे पाळी टेलपासून सुरू करूनही फार फरक पडत नाही. अशा ठिकाणी मोजमापाची वहीच ते उघड करते : मुखाशी पूर्ण पाणी, वरची सर्व दारे बंद, आणि तरीही टेलला धार बारीक. मग मागणी दुरुस्तीची करावी लागते.

आणि पत्रावर पत्रे देत राहणे हाही कायमचा मार्ग नाही. कायमचा मार्ग नाशिक जिल्ह्यात ओझरच्या शेतकऱ्यांनी दाखवला. ओझर हे वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याच्या टेलला. धरण झाले, कालवा झाला, पण पाणी ओझरला क्वचितच पुरे पडायचे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९१ च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र करून महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. त्यांची मागणी वेगळी होती. एकेका शेतकऱ्याला एकरावर पाणी देऊ नका, संस्थेला मोजून घनमीटरमध्ये द्या, आत कोणाला किती द्यायचे ते आम्ही पाहू. मोजून घेतलेल्या पाण्याचे पैसे संस्था भरणार, म्हणून वाया गेलेला प्रत्येक घनमीटर संस्थेला स्वतःचा वाटू लागला. ओढ्यांवर बंधारे घालून, त्यात पाणी सोडून विहिरी भरून घेतल्या. टेलला पाणी पोहोचलेले पाहून वरच्या गावांनीही संस्था काढल्या, आणि पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले.

‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ या कायद्याने हीच पद्धत राज्यभर आणली. संस्थेला घनमापन पद्धतीने पाणी, खात्याशी करारनामा, आणि संचालक मंडळात वरच्या, मधल्या आणि टेलच्या तिन्ही भागांचे प्रतिनिधी, अशी त्यात तरतूद आहे. कायदा होऊन इतकी वर्षे झाली, तरी अनेक मायनरवर संस्था फक्त नोंदणीपुरती आहे, प्रवाहमापक बसलेला नाही, बसला असला तर गाळात बुजलेला आहे. जिथे मापक नाही तिथे घनमीटरचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून तुमच्या संस्थेचे दुसरे पत्र या मापकासाठी असले पाहिजे.

पुढचे आवर्तन सुटण्याआधी एवढे करा. शेवटच्या विमोचकाशेजारी वीस मीटर मोजून दोन खुंट्या ठोका, एक वही शिवून घ्या, आणि पहिल्या दिवशी पाट कोरडा असेल तर तारीख घालून पहिल्या ओळीत ‘शून्य’ लिहा. पत्राची सुरुवात तिथून होते.